घराचं नेटवर्क बाहेरून खरंच बंद आहे का? मोबाइल डेटावरून पोर्ट तपासण्याची रीत

माझ्या आतेभावाचं घर देवगड तालुक्यात आहे. तो स्वतः डोंबिवलीला, त्यामुळे गणपती आणि मे महिना सोडला तर घराला कुलूप. पडवीवर आणि कलमांच्या बागेत मिळून चार कॅमेरे, आणि माळ्यावर त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर. मे महिन्यात गावी आल्यावर त्याने घरच्याच वाय-फायवर बसून घराचा पब्लिक आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. समोर राउटरचं लॉगिन पान आलं. मग डीव्हीआरचा पोर्ट, म्हणजे नेटवरून त्याच्यात शिरायचं दार, `37777` बघितला, तो बंद दिसला. म्हणजे राउटर उघडा आणि डीव्हीआर सुरक्षित, असं ठरवून गडी नवा राउटर आणायला निघाला.

मी मोबाइल डेटावरून तेच बघितलं तर चित्र बरोबर उलटं होतं. राउटरचं पान बाहेरून दिसतच नव्हतं. डीव्हीआर मात्र साऱ्या जगाला दिसत होता.

कारण साधं आहे. घरातून स्वतःच्याच पब्लिक पत्त्यावर गेलात की राउटर ओळखतो की हा माणूस आतला आहे, आणि आतल्यांना दाखवायचं ते पान दाखवतो. बाहेरून येणाऱ्यांना डीव्हीआरकडे वळवण्याचा नियम असतो, तो बऱ्याच राउटरांत फक्त बाहेरच्या बाजूने आलेल्यांना लागू होतो. म्हणून आतून बघितलं तर खोटी भीतीही वाटते आणि खोटा दिलासाही मिळतो. काही राउटर आतून गेलेल्यालाही बाहेरून फिरवून आणल्यासारखं वागवतात, पण तुमचा कुठल्या जातीचा हे आधी माहीत नसतं.

खाली दिलेला क्रम मोडू नका. बहुतेकांचं चुकतं ते आज्ञा टाइप करताना नाही, क्रमात.

## टप्पा १: जुळवाजुळव

अँड्रॉइड फोन असेल तर त्यावर टर्मक्स हे आज्ञा टाइप करायचं ॲप घ्या, शक्यतो एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानातून. ते उघडून एकदा एवढं करा:

```
pkg update
pkg install nmap curl
```

आयफोन असेल तर लॅपटॉपवर एनमॅप हा पोर्ट तपासणारा प्रोग्राम टाका आणि लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. तपासणी तीच, फक्त आज्ञा लॅपटॉपवर द्यायच्या. मात्र पुढे टप्पा ४ मध्ये ज्या लॅपटॉपवर खूण म्हणून मुद्दाम एक दार उघडायचं आहे तो वेगळा हवा, कारण एक लॅपटॉप एकाच वेळी घरात आणि बाहेर असू शकत नाही.

घरातल्या ज्या वस्तू नेटला जोडल्या आहेत त्यांची कागदावर यादी करा: डीव्हीआर, टीव्ही बॉक्स, प्रिंटर, लॅपटॉप, सोलर इन्व्हर्टरचं वाय-फाय. प्रत्येकाचा घरातला पत्ता, म्हणजे `192.168.1.20` असा काहीतरी, राउटरच्या पानावर मिळतो. पुढे एखादं दार उघडं सापडलं की ते कुणाचं हे शोधायला हीच यादी कामी येते.

राउटरचा पासवर्ड हाताशी हवा. आमच्याकडे तो केबलवाल्याच्या पोराला ठाऊक असतो आणि घरमालकाला नसतो, तेव्हा आधी त्याला फोन करा.

सावधान: फक्त स्वतःच्या, किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेल्या घराचाच पत्ता तपासा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. टप्पा २ नीट न करता पुढे गेलात तर नकळत शेजाऱ्याचंच घर ठोठावत बसाल.

## टप्पा २: घराचा खरा पत्ता कोणता?

फोन आत्ता घरच्या वाय-फायवरच असू द्या, व्हीपीएन बंद ठेवा, आणि टर्मक्समध्ये:

```
curl -4 ifconfig.me
```

जो पत्ता येईल तो कागदावर लिहा. या लेखात उदाहरणासाठी `203.0.113.45` धरू. हा पत्ता केवळ नमुन्यांसाठी राखून ठेवलेला आहे, तो कुणाच्या घरचा नाही.

आता राउटरचं पान उघडून स्टेटस किंवा इंटरनेट या भागात `WAN IP` काय लिहिलंय ते बघा. दोन्ही पत्ते शेजारी शेजारी ठेवा. तीनपैकी एक स्थिती असेल.

दोन्ही सारखे असतील तर तुमच्या घराला स्वतःचा पब्लिक पत्ता आहे. सरळ टप्पा ३ वर जा.

राउटरमधला पत्ता `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. चाळीला एकच सामाईक दरवाजा असावा तशी कितीतरी घरं एकाच पब्लिक पत्त्यातून बाहेर पडतात. अशा वेळी `ifconfig.me` ने दाखवलेला पत्ता तपासलात तर तुम्ही कंपनीचं यंत्र तपासता, स्वतःचं घर नाही. तिथे सगळं बंद दिसलं म्हणून खूश होऊ नका आणि काही उघडं दिसलं म्हणून घाबरू नका. तुम्हाला टप्पा ३ करून थेट टप्पा ६ वर जायचं आहे.

राउटरमधला पत्ता `192.168`, `10` किंवा `172.16` ते `172.31` ने सुरू होत असेल तर बहुधा राउटरच्या पुढे अजून एक पेटी आहे. फायबरवाल्याने बसवलेली पेटी भिंतीवर आणि तुम्ही स्वतः आणलेला चांगला राउटर कपाटावर, अशी जोडी कोकणात घरोघरी दिसते. मग त्या पहिल्या पेटीचं पान उघडून तिथला `WAN IP` बघा आणि तुलना पुन्हा करा. तिथेही खासगीच पत्ता दिसला तर कंपनीनेच तुम्हाला आत ठेवलं आहे, म्हणजे स्थिती दुसरीच समजायची.

तपासा: पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की पुष्कळ ठिकाणी पब्लिक पत्ता बदलतो आणि जुना पत्ता दुसऱ्या कुणाकडे जातो. म्हणून दर तपासणीच्या आधी आणि नंतर राउटरच्या पानावर पत्ता बघायचा. मधे बदलला असेल तर आधीचे निकाल रद्द.

## टप्पा ३: फोन खरंच बाहेर आहे ना?

वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटा चालू करा. वाय-फायच्या सेटिंगमध्ये ओळखीचं नेटवर्क दिसलं की आपोआप चालू होण्याची सोय असते, तीही बंद करा. नाहीतर अर्ध्या तपासणीत फोन गुपचूप घरात शिरतो. मग पुन्हा:

```
curl -4 ifconfig.me
```

हा पत्ता कागदावरच्या पत्त्यापेक्षा वेगळा आलाच पाहिजे. सारखा आला तर तुम्ही अजून घरातच आहात. तुम्ही ओसरीवर बसलात की सड्यावर गेलात याने फरक पडत नाही, कारण डेटा टॉवरवरून फिरून येतो. रेंजने मात्र फरक पडतो. जांभ्याच्या जाड भिंतींत एकच दांडी दाखवणाऱ्या फोनवर उघडं दारसुद्धा गप्प दिसू शकतं, म्हणून अंगणात या.

व्हीपीएन बंद असल्याची पुन्हा खात्री करा, आणि त्यासोबत जाहिराती अडवणारी व डेटा वाचवणारी ॲपही बंद करा. यातली बरीच ॲप फोनमध्येच छोटं व्हीपीएन उभं करतात. काही तर पलीकडून उत्तर येण्याआधीच जोडणी झाली असं सांगून मोकळी होतात, आणि मग तुम्हाला झाडून सगळे पोर्ट उघडे दिसतात. वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसत असेल तर अजून काहीतरी चालू आहे.

सावधान: हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी फोनचं वाय-फाय बंद करायचंच. काही फोन स्वतः वाय-फायवर असताना तेच वाय-फाय हॉटस्पॉटमधून पुढे देतात. तुम्हाला वाटतं लॅपटॉप बाहेर आहे, आणि तो असतो घरातच. लॅपटॉपवरही पत्ता बघून घ्या.

## टप्पा ४: आधी उघडं दार दिसतंय का ते बघा

हाच टप्पा लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळी तपासणी यावरच उभी आहे. सगळं बंद आहे हा निकाल दोन कारणांनी येतो: दारं खरंच बंद आहेत, किंवा तुमचा फोन आंधळा आहे. उघडं असल्याची खात्री असलेलं दार फोनला दिसलं, तरच बंद या शब्दाला किंमत.

पहिली खूण बाहेरची. एनमॅप बनवणाऱ्यांनी लोकांना सरावासाठी एक यंत्र उघडं ठेवलं आहे:

```
nmap -n -Pn -sT -p 22,80,81 scanme.nmap.org
```

`22` आणि `80` समोर `open` यायला हवं. `81` समोर ते येता कामा नये. तिन्ही `open` आले तर फोनमधलं ते किल्लीवालं ॲप अजून जिवंत आहे. तिन्ही गप्प असतील तर रेंज किंवा सिमचा दोष.

आज्ञेतल्या तीन खुणा समजून घ्या. `-Pn` म्हणजे आधी पिंग करून बघत बसू नको. घरचे राउटर पिंगला सहसा उत्तर देत नाहीत, आणि ही खूण विसरलात तर एनमॅप घरात कुणी नाही असं समजून परत फिरतो. `-sT` म्हणजे साधी पूर्ण जोडणी करून बघ. रूट न केलेल्या फोनवर हीच पद्धत चालते. `-n` मुळे नावं शोधण्यात वेळ जात नाही.

दुसरी खूण स्वतःच्या घरातली. घरात बसलेल्या, पायथन टाकलेल्या लॅपटॉपवर एक रिकामं फोल्डर तयार करा, त्यात जा आणि:

```
python -m http.server 8099
```

फायरवॉलने परवानगी विचारली तर द्या. त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या फोनवरून `http://192.168.1.20:8099` उघडून बघा, लॅपटॉपचा जो पत्ता असेल तो घालून. आतून दिसत नसेल तर बाहेरून दिसण्याचा प्रश्नच नाही. दिसलं की राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर `8099` हा पोर्ट लॅपटॉपकडे वळवा, आणि मोबाइल डेटावरच्या फोनमध्ये `http://203.0.113.45:8099` उघडा. फोल्डरची रिकामी यादी दिसली पाहिजे, आणि त्याच क्षणी लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एक ओळ उमटली पाहिजे. बहुतेक राउटरांत त्या ओळीच्या सुरुवातीला फोनचा बाहेरचा पत्ता दिसतो, म्हणजे टप्पा ३ मध्ये मिळालेला. ती ओळ बघितली की फोन बाहेर आहे, पत्ता आपलाच आहे आणि दार दिसतंय, या तिन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात.

ओळ उमटली नाही तर पुढे जाऊ नका. आधी पत्ता पुन्हा बघा, मग फॉरवर्डिंगमध्ये लॅपटॉपचा घरातला पत्ता बरोबर पडलाय का ते बघा. दोन्ही ठीक असूनही दिसत नसेल, तर दुसरी पेटी मधे आहे का याचा शोध घ्या.

सावधान: फोल्डर रिकामंच हवं. दार उघडं असेपर्यंत त्यात जे असेल ते कुणालाही दिसतं. काम झालं की फॉरवर्डिंगचा नियम काढा, प्रोग्राम थांबवा, आणि फोनवरून तेच पान पुन्हा उघडून आता ते येत नाही हे बघा. तपासायला उघडलेलं दार तसंच ठेवून झोपायला गेलेले लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मीच.

## टप्पा ५: खरी तपासणी, आणि निकाल वाचणं

आधी घरात हमखास सापडणाऱ्या पोर्टांची छोटी यादी:

```
nmap -n -Pn -sT -p 21,22,23,80,443,554,5555,7547,8000,8080,8443,34567,37777 203.0.113.45
```

यातले `554`, `8000`, `34567` आणि `37777` हे कॅमेरे आणि डीव्हीआरचे नेहमीचे पोर्ट. `5555` स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर उघडा राहिलेला सापडतो. `7547` वरून नेट देणारी कंपनी राउटर दुरून सांभाळते.

प्रत्येक पोर्टासमोर तीनपैकी एक शब्द येतो. `open` म्हणजे आत कुणीतरी उत्तर दिलं. `filtered` म्हणजे काहीच उत्तर नाही, जणू घरच नाही. चांगल्या राउटरच्या मागे बहुतेक सगळं असंच दिसतं. `closed` म्हणजे उत्तर आलं, पण नकाराचं.

हा `closed` लोक चांगली बातमी म्हणून सोडून देतात. थोडं थांबा. बाकी सगळे पोर्ट `filtered` आणि एकच `closed` असेल, तर तो एकटा वेगळा का? बहुधा राउटर त्या पोर्टावर आलेल्याला अजूनही आतल्या एखाद्या वस्तूकडे पाठवतोय, आणि ती वस्तू सांगतेय की या दारामागे आत्ता कुणी नाही. नियम जिवंत आहे, फक्त प्रोग्राम झोपलाय. उद्या तो उठला की दार उघडं.

उलट, सगळीच यादी `closed` असेल आणि मधेच दोन-तीन `open`, तर संशय डीएमझेडवर घ्या. डीएमझेड चालू केलं की राउटर आलेला प्रत्येक माणूस, कुठल्याही पोर्टावर येवो, एकाच वस्तूकडे सोडतो. मग नकारही तीच वस्तू देते. काही राउटर स्वतःच सगळीकडे नकार देतात, म्हणून हा पुरावा नाही, नुसता संशय. पण आमच्या देवगडच्या घरी पहिला निकाल असा होता:

```
22/tcp    closed
23/tcp    closed
80/tcp    open
554/tcp   open
8080/tcp  closed
37777/tcp open
```

यातलं `80` ब्राउझरमध्ये उघडलं तर डीव्हीआरचं लॉगिन पान आलं. आतेभावाने घरातून तोच पत्ता उघडला होता तेव्हा त्याला राउटरचं पान दिसलं होतं. एकच पत्ता, एकच पोर्ट, आणि आतून एक पान, बाहेरून दुसरं. राउटरमध्ये जाऊन बघितलं तर गणपतीच्या आधी कॅमेरे बसवून गेलेल्या माणसाने डीव्हीआरचा पत्ता `DMZ` मध्ये घालून ठेवला होता. कुठलेही पोर्ट शोधत बसायला नको आणि एका मिनिटात काम फत्ते.

डीएमझेड काढून तीच आज्ञा पुन्हा दिली. सगळं `filtered` झालं, एक `37777` सोडून. तो अजून `open` होता. आतेभाऊ म्हणाला, "अरे, आता तर सगळा काढलास मां?" फॉरवर्डिंगचं पान कोरं होतं. पण यूपीएनपीच्या पानावर एक ओळ होती: डीव्हीआरने स्वतःच राउटरला सांगून `37777` उघडून घेतला होता, माणसाला न विचारता. आधी डीव्हीआरमधलं यूपीएनपी बंद केलं, मग राउटरमधलं, आणि राउटर बंद करून चालू केला. यूपीएनपीसमोरची टिक नुसती काढली तर काही राउटरांत आधी उघडलेलं दार बराच वेळ तसंच राहतं.

राउटर चालू झाल्यावर पब्लिक पत्ता बदलला होता. जुन्याच पत्त्यावर तपासलं असतं तर सगळं बंद दिसलं असतं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं घर असतं. नवा पत्ता लिहून घेतला, मग तपासलं, तेव्हा कुठे सगळं `filtered`.

म्हणून उघडं दार सापडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. शोधायचा क्रम: डीएमझेड, मग फॉरवर्डिंग, मग यूपीएनपी, मग राउटरचं रिमोट मॅनेजमेंट. या चारांपैकी कशातच नसलेला `7547` उघडा दिसला तर तो कंपनीचा आहे. त्याबद्दल कंपनीला फोन करून तो फक्त त्यांच्याच सर्व्हरला दिसेल असं करायला सांगा.

छोटी यादी साफ निघाली की मगच सगळे ६५,५३५ पोर्ट:

```
termux-wake-lock
nmap -n -Pn -sT -p- --max-retries 1 --max-rate 50 -oN purna.txt 203.0.113.45
```

सेकंदाला ५० या वेगाने एक फेरी साधारण २२ मिनिटांत होते. उत्तर न देणाऱ्या प्रत्येक पोर्टाला एकदा पुन्हा ठोठावायचं, म्हणजे पाऊण तास धरा. वेग वाढवायचा मोह होतो. पण मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून एका फोनला एकाच वेळी किती जोडण्या करता येतात याला मर्यादा असते. ती ओलांडली की पुढचं सगळं गप्प दिसायला लागतं, आणि तुम्ही ते बंद समजता. फेरी संपल्यावर `scanme.nmap.org` ची आज्ञा पुन्हा द्या. `22` आणि `80` अजून दिसत असतील तर फोन शेवटपर्यंत डोळस होता, असं मानायला हरकत नाही.

तपासा: काही मोबाइल कंपन्या `25` आणि `445` सारखे पोर्ट आपल्याच बाजूने अडवतात. या पोर्टांचं `filtered` तुमच्या राउटरमुळे असेलच असं नाही. घरचं नेट आणि सिम एकाच कंपनीचं असेल तर रस्ता कंपनीच्या आतल्या आत राहू शकतो. एकदा दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून छोटी यादी तपासा. वाडीत कुणाकडे तरी ते असतंच.

## टप्पा ६: आयपीव्ही६, म्हणजे मागचं दार

सामाईक पत्त्यामागे असलेल्यांना वाटतं की आपल्यापर्यंत बाहेरून कुणी पोचूच शकत नाही. जुन्या पत्त्याने नाही पोचत. पण कंपनीने आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत दिली असेल तर घरातल्या प्रत्येक वस्तूला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो. तिथे फॉरवर्डिंग लागतच नाही. बाहेरचा आणि तुमचा प्रिंटर यांच्यामध्ये फक्त राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल उभी असते.

आधी मोबाइल डेटावर बघा:

```
curl -6 ifconfig.me
```

लांबलचक पत्ता आला तर फोन ही तपासणी करू शकतो. नाही आला तर दुसरं सिम घ्या. या फोनवरून काहीही दिसलं नाही तरी त्याचा अर्थ शून्य. घरच्या लॅपटॉपवरही हीच आज्ञा द्या. तिथे पत्ता आला नाही तर घराला आयपीव्ही६ नाही, आणि हा टप्पा संपला.

आला असेल तर लॅपटॉपवर, पुन्हा रिकाम्या फोल्डरमधून:

```
python -m http.server 8099 --bind ::
```

आणि फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता चौकटी कंसात, `http://[2001:db8::20]:8099` अशा रीतीने. हाही नमुन्याचा पत्ता आहे. राउटरमध्ये काहीही न उघडता हे पान बाहेरून आलं, तर आयपीव्ही६ फायरवॉल बंद आहे आणि घरातल्या सगळ्याच वस्तू उघड्यावर आहेत. राउटरच्या सुरक्षा पानावर ती चालू करा आणि पुन्हा बघा.

पान आलं नाही तर लगेच निश्चिंत होऊ नका, फोन डोळस आहे का ते बघा:

```
nmap -6 -n -Pn -sT -p 22,80 scanme.nmap.org
```

इथे `open` दिसलं आणि घरचं पान दिसलं नाही, तर राउटर किंवा लॅपटॉप यांपैकी कुणीतरी अडवतंय. कोण, ते कळायला तेच पान घरातल्या दुसऱ्या फोनवरून, त्याच लांब पत्त्याने उघडा. आतून येतंय आणि बाहेरून येत नाही, म्हणजे अडवणारा राउटर. मग डीव्हीआर आणि प्रिंटर यांचे आयपीव्ही६ पत्ते त्यांच्या नेटवर्कच्या पानावरून घेऊन छोटी यादी `-6` लावून एकेकावर चालवा. `fe80` ने सुरू होणारा पत्ता घेऊ नका, तो घराबाहेर चालतच नाही. लॅपटॉपचे आणि फोनचे लांब पत्ते थोड्या थोड्या वेळाने बदलत राहतात, तेव्हा तपासायच्या क्षणी जो असेल तोच घ्या.

## ही तपासणी काय दाखवत नाही

वर तपासले ते टीसीपीचे पोर्ट. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीचे पोर्ट रूट नसलेल्या फोनवरून असे तपासता येत नाहीत. वायरगार्डसारखी व्हीपीएन सेवा तर अनोळखी माणसाला उत्तरच देत नाही, त्यामुळे ती चालू असूनही गप्प दिसते. यूडीपीसाठी राउटरची फॉरवर्डिंग आणि यूपीएनपीची पानं डोळ्यांनी वाचणं हाच मार्ग.

दुसरं, सगळं बंद केल्यावरही डीव्हीआरचं मोबाइल ॲप चालूच राहिलं तर चक्रावून जाऊ नका. क्यूआर कोड स्कॅन करून जोडलेली ॲप बहुधा उलट्या दिशेने चालतात. डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला जोडून घेतो, आणि ॲप तिथून चित्र उचलतं. बाहेरून आत यायला दार लागत नाही, म्हणून ते या तपासणीत दिसतही नाही. तिथे कुलूप एकच, डीव्हीआरचा पासवर्ड.

आतेभावाचं तसंच झालं. पोर्ट बंद, ॲप चालू. डीव्हीआरला अजून कारखान्यातून आलेलाच पासवर्ड होता. तो बदलला, नवा कागदावर लिहून कपाटात ठेवला, आणि `purna.txt` ही फाइल त्याला पाठवून दिली. गणपतीत केबलवाला येऊन राउटरला हात लावून गेला की तो अंगणात उभा राहून छोटी यादी चालवतो आणि त्या फाइलशी ताडून बघतो.